बंडलाला चिठ्ठी हवीच

घड्याळबाई हे नाव मीच ठेवलं, आणि ते कौतुकानं ठेवलं नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो. मी इस्त्रीवर असतो. दिवसभर वाफेत उभ्या राहिलेल्या माणसाचा स्वभाव जसा होतो तसा माझा झालाय. कारखान्यात सगळे मला मामा म्हणतात आणि शक्यतो माझ्या वाटेला जात नाहीत.

आमचा कारखाना म्हणजे एक लांब खोली. एका टोकाला कापणीचं टेबल, मधे शिलाईच्या मशिनी, दुसऱ्या टोकाला मी. रुग्णालयांतल्या पेशंटचे गाऊन शिवतो आम्ही, मागून नाडी बांधायचे ते. मालक कुणी नाही. अकरा जणांची संस्था, अकराही जण मालक. ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात याचा अर्थ एवढाच, की खिळा ठोकायचा तरी बैठक भरवायची.

आणि बैठकीत काय व्हायचं? चारला बसायचं ठरलेलं, सव्वाचारला निम्मे जमायचे. मग कुणीतरी "हं, बोला" म्हणायचं. की लगेच रेडिओ सुरू. रेडिओ म्हणजे आमची बाहीवाली. बाह्या जोडते, हात सोन्याचा, पण तोंडाला बटण नाही. धाग्याच्या दर्जावरून सुरू करून ती जावेच्या गुडघ्यापर्यंत पोचायची आणि आम्ही सगळे तिच्या मागोमाग. साडेपाचला लोकांना घराची आठवण व्हायची. मग रजिस्टरमध्ये घाईघाईनं काहीतरी लिहायचं आणि सह्या ठोकायच्या.

ते रजिस्टर अजून आहे. त्यात एका वर्षात चार वेळा हेच वाक्य सापडेल: "इस्त्रीवरच्या पंख्याकडे सर्वांनी लक्ष द्यावे." सर्वांनी लक्ष दिलं की. मी तर रोज आठ तास त्याच्याकडेच बघत होतो. पंखा काही फिरला नाही.

घड्याळबाई ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा बांधायच्या मशीनवर, बसते. चौदा वर्षांपूर्वी ती आमच्याकडे आली तेव्हा आक्कांची नवी सून एवढीच तिची ओळख. आक्का म्हणजे आमच्या कटर. संस्था त्यांनीच उभी केली, एका टेबलावर आणि एका कात्रीवर. सून आली ती मान खाली घालून, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "जेवणाची सुट्टी एकला असते ना? मग एक वाजून दहा मिनिटांनी मशिनी का बंद होतात?" असल्या प्रश्नांची तिला खोडच. नवरा बस चालवतो. दोघं नवराबायको मिनिटांवर जगतात, मी म्हणायचो, यांच्या घरात भांडणाचंही वेळापत्रक असेल. तिला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आहे ना मामा, रविवारी. तुम्ही या." तेव्हापासून मी जरा जपूनच बोलतो.

आता मुद्द्याचं. आक्कांचा हात थरथरायला लागला होता.

ज्यांनी कापणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापडाचे पन्नास-साठ थर एकावर एक अंथरतात, वर खुणांचा कागद ठेवतात, चिमटे लावतात, आणि मग उभ्या पात्याची मोटर त्या खुणांवरून फिरवतात. पातं वीतभर उंच आणि पोलादी. डाव्या हातात जाळीचा हातमोजा घालून कापड दाबून धरायचं. एका फेरीत साठ बाह्या निघतात. हात भरकटला तर साठच्या साठ गेल्या. एकदा तसंच झालं, बाह्या दोन बोटं आखूड निघाल्या. त्यानंतर आठवड्याभरात हातमोज्याची जाळी अंगठ्यापाशी कापली गेलेली मला दिसली. अंगठा वाचला होता. आक्कांनी मोजा उलटा करून ठेवला आणि मीही पाहिलं नाही असं दाखवलं.

तुम्ही म्हणाल, मग बोलायचं की. कुणी? ज्या बाईनं आम्हा सगळ्यांना कामाला लावलं, माझ्या हातातली बाटली सोडवून इस्त्री दिली, तिला कोण सांगणार की मोटर ठेवा? तीन बैठकांत विषय निघाला. तिन्ही वेळा आक्कांच्या त्यागावर भाषणं झाली, डोळे पुसले गेले आणि रजिस्टरात आलं, "कापणी विभागाबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा." आक्का कोपऱ्यात बसून खडू कुरतडत असायच्या. विचार झाला असेल कुणाच्या डोक्यात. पातं मात्र रोज सकाळी सुरू होत होतं.

अध्यक्षपद आमच्याकडे वर्षाच्या पाळीनं येतं. त्या वर्षी ते सुनेकडे आलं. पाळी आहे म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "मी करते, पण माझ्या पद्धतीनं. तीन बैठका चालवून बघा. नाही जमलं तर खाली उतरवा."

तिची पद्धत कुठून आली म्हणाल, तर आमच्याच टेबलावरून. कापलेल्या तुकड्यांची बंडलं बांधतो ना आम्ही, प्रत्येक बंडलाला एक चिठ्ठी असते. काय आहे, कुणाकडे जायचं, कधीपर्यंत हवं. चिठ्ठीशिवाय बंडल टेबलावरून हलत नाही, हा आक्कांचाच नियम. सून मला म्हणाली, "मामा, आपण बाहीला चिठ्ठी लावतो आणि निर्णयाला लावत नाही." मी म्हटलं, "बाही पळून जात नाही, म्हणून." पण मनातून पटलं होतं.

पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी दारावर कागद लागला. तीन विषय, आणि प्रत्येक विषय प्रश्नाच्या रूपात. "पंखा" असं नाही, तर "पंखा दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?" पुढे, विषय कोण मांडणार आणि किती मिनिटं. खाली तीन कामं: बैठक चालवणार ती स्वतः, वेळ पाहणार मिस्त्री, नोंद करणार मामा. मला विचारलं होतं का? होतं. अक्षर चांगलं आहे म्हणून खूश करून हो म्हणवून घेतलं होतं.

वेळेसाठी तिनं घरातलं स्वयंपाकघरातलं घड्याळ आणलं. पिवळी प्लास्टिकची कोंबडी. मान पिरगाळून ठेवायची, वेळ संपली की किणकिणते. मिस्त्री, जो आमच्या मशिनी दुरुस्त करतो आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजतो, म्हणाला, "ही कोंबडी मिनिटाला चार सेकंद खाते." आणि त्यानं शेजारी स्वतःचं मनगटी घड्याळ काढून ठेवलं.

नियम थोडेच. एका विषयावर एकेकानं एकदा बोलून होईपर्यंत कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. एका वेळी दोन मिनिटं. विषयाबाहेरचं काही निघालं तर ते खुंटीवर. अर्धवट शिवलेले गाऊन टांगतो त्या खुंटीवर तिनं एक कागद लटकवला होता, त्यावर मुद्दा लिहून ठेवायचा आणि शेवटी ठरवायचं की तो पुढच्या बैठकीत घ्यायचा का. निर्णय झाला की लगेच चिठ्ठी. काम काय, कुणाचं, कोणत्या तारखेला. नाव एकच. "सर्वांनी" चालणार नाही. आणि ज्याचं नाव आहे त्यानं तोंडानं हो म्हणायचं.

रेडिओची पहिल्याच विषयात मान पिरगाळली गेली, म्हणजे कोंबडीची. ती पंख्यावरून दिराच्या लग्नातल्या पंख्यांवर पोचली होती. किण्ण. "दिराचं लग्न खुंटीवर," घड्याळबाई म्हणाली. रेडिओनं आणखी एक मिनिट मागितलं. "मुदतवाढ द्यायची का? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. रेडिओ तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. कारखान्यात तीन दिवस शांतता म्हणजे लॉटरीच.

पण आठवड्याच्या आत पंखा फिरला. मिस्त्रीच्या मशीनला टाचलेली चिठ्ठी होती, "पंख्याची मोटर बदलणे, मिस्त्री, बुधवार." बिचारा रोज सकाळी तिच्याकडे बघून तोंड वाकडं करायचा. मंगळवारी संध्याकाळी शिडीवर चढला. वारा लागला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. चार वर्षं घाम गाळला होता मी त्या वाक्याखाली.

दुसऱ्या बैठकीत आधी मागच्या चिठ्ठ्या वाचल्या. झालं, झालं, झालं नाही. "झालं नाही"वाला मी होतो. गाऊनच्या घड्यांचा नमुना करायचा राहिला होता. कुणी रागावलं नाही, फक्त विचारलं, "काय अडलं? नवी तारीख कुठली?" त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या बैठकीचा कागद तिनं लिहिला तेव्हा मी शेजारी इस्त्री करत होतो. तिनं लिहिलं, "विषय दोन: कापणी टेबलाची सुरक्षितता." मी म्हटलं, "वा! यात प्रश्न कुठाय?" तेवढ्यात आक्का मागून आल्या. चष्मा वर करून कागद वाचला.

"हे काय लिहिलंयस?"

"आई, ते..."

"दुसऱ्यांचे प्रश्न सरळ लिहितेस आणि माझा गुंडाळून? खोड ते. लिही, कापणीची मोटर यापुढे कुणी चालवायची."

सुनेनं आधीची ओळ खोडली. मग प्रश्न लिहिला. पुढे वेळ, वीस मिनिटं. आक्का निघून गेल्या, आणि ती मला हळूच म्हणाली, "मामा, घरी या विषयावर आमच्यात एक शब्द झालेला नाही. त्यांचा हात मी रोज बघते. त्यांच्याकडून मोटर गेली आणि त्या इथं यायच्याच बंद झाल्या तर? घरात बसून राहिल्या तर? ते मी केलेलं असेल." मी इस्त्री फिरवत राहिलो.

गुरुवारी चारला दहा जण हजर. अकरावी तापानं घरी. किमान आठ हवेत, म्हणजे बैठक पक्की. पहिला विषय सात मिनिटांत उरकला. मग घड्याळबाई उभी राहिली.

"दुसरा विषय माझ्या घरातला आहे. मी खुर्ची सोडते. मतही देणार नाही. सदस्य म्हणून माझी दोन मिनिटं घेईन. हा विषय मामांनी चालवावा, कुणाची हरकत?"

हरकत माझी एकट्याची होती, पण तोवर तिनं खुर्ची माझ्याकडे सरकवलीही होती. नोंद मग दुसऱ्या कुणाकडे तरी द्यायची, ती तिनं रेडिओकडे दिली. मला तेव्हा कळलं नाही, पण ही तिची चाल होती. लिहिणाऱ्याला बोलायला फुरसत मिळत नाही. पुढची वीस मिनिटं रेडिओ मान खाली घालून लिहीत होती आणि जीभ बाहेर काढून एकेक अक्षर गिरवत होती.

मी खुर्चीत बसलो. प्रश्न वाचला. आणि मला पहिल्यांदा कळलं की ती खुर्ची किती टोचते. माझं मत मला सांगायचं होतं, आक्कांची माफी मागायची होती, मोजा पाहिला होता हे सांगून टाकायचं होतं. पण चालवणाऱ्यानं आधी इतरांना बोलू द्यायचं असतं. मी म्हटलं, "डावीकडून सुरू करू."

मिस्त्रीनं मोटरचं सांगितलं, बोटं वाचवणारा पात्यावरचा आडोसा खाली सरकत नाही. काजवाली, आमच्यातली सगळ्यात मुकी पोरगी, नाडी ओवायची काजं करते म्हणून काजवाली, ती "मला काही नाही म्हणायचं" म्हणणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती म्हणाली, "आखूड बाह्यांवरच्या खुणा मी पाहिल्या. खुणा बरोबर होत्या." एवढंच. पण त्या एका वाक्यानं विषय दोन तुकड्यांत कापला. आक्कांची नजर शाबूत होती. गेला होता तो फक्त हात.

मग सून. तिनं सुरुवात केली ती अगदी जुन्या बैठकांसारखी, आक्कांनी संस्था कशी उभी केली, काय काय सोसलं. मी मनात म्हटलं, अगं, तुझ्याच नियमात बस. दीड मिनिट गेल्यावर ती थांबली. आवाज बदलला.

"मला हे बोलायचं नव्हतं. घरी चहाचा कप त्या दोन हातांनी धरतात आणि मी बघितलं की कप खाली ठेवतात, आणि मला दरवेळी सांगावंसं वाटतं की आई, तुम्ही..."

किण्ण.

कोंबडीचा एवढा राग मला कधी आला नव्हता. मिस्त्रीनंही ती हातात दाबून धरली होती, जणू तिचा गळा आवळतोय. मी विचारलं, "मुदतवाढ हवीय?" सात-आठ हात माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच वर गेले. रेडिओचा तर पेनासकट.

तिनं मान हलवली. "नको. नियम आहे." आणि बसली.

आक्का तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांची पाळी आली.

"हात थरथरतोय हे मला सहा महिन्यांपासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वाटलं, कुणी विचारेल. तुम्ही माझ्यावर भाषणं करत बसलात. आज पहिल्यांदा मला माझी पाळी दिलीत. माझं म्हणणं असं. मोटर काजवालीनं चालवावी, तिचा हात स्थिर आहे. पण थर अंथरल्यावर आणि खुणा लावल्यावर मी बघेन आणि खडूनं सही करेन. माझी सही नसेल तर मोटरचं बटण दाबायचं नाही. आणि घरी बसवायचं असेल तर तसं सरळ सांगा, मी चपला घालते. झालं माझं."

मिस्त्रीनं घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंद.

चौतीस वर्षं ही बाई काय करते, कशी करते, याची कुठंच नोंद नव्हती. आम्ही तिच्यावर फुलं टाकत होतो आणि प्रश्न विचारत नव्हतो. मला माझी लाज वाटली आणि ती मी तिथंच सांगितली, शेवटी माझी दोन मिनिटं आली तेव्हा. मोज्याचंही सांगितलं. आक्का म्हणाल्या, "माहितीये. तू बघितलंस ते मी बघितलं होतं."

मग मी काजवालीला विचारलं, कारण तिच्या गळ्यात न विचारता काम बांधायचं नव्हतं. ती लालबुंद झाली. "शिकवणार असाल तर हो." रेडिओनं ठराव लिहिला, फळ्यावर खडूनं, आणि हात वर करण्याआधी मोठ्यानं वाचला: मोटर काजवालीने चालवावी; आक्कांची सही असल्याशिवाय कापणी सुरू करू नये; काजवाली तयार होईपर्यंत आणि आडोसा दुरुस्त होईपर्यंत मोटर बंद, कापणी थोड्या थरांची, हातकात्रीनं. सासू-सून मतदानाबाहेर राहिल्या. आठ हात वर, विरोधात शून्य.

चिठ्ठ्या तीन निघाल्या. आडोसा दुरुस्त करणे, मिस्त्री, सोमवार. रुग्णालयाला हा लॉट उशिरा येईल असं कळवणे, मामा, उद्या दुपारपर्यंत. तिसरी रेडिओ लिहायला लागली, "कापणी शिकणे, काजवाली..." तशी आक्कांनी तिचा हात धरला.

"शिकणे नाही. शिकवणे. नाव माझं घाल."

रेडिओनं लिहिलं. शिकवणे, आक्का, आजपासून तीन आठवडे. आक्कांनी ती चिठ्ठी घेतली, चष्मा लावून दोनदा वाचली, आणि खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांनी टेबलाच्या कडेला स्वतः टाचली. टाचणी दोनदा सटकली. कुणी मदतीला गेलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. लोक पांगले. मी इस्त्री बंद करत होतो तेव्हा आक्का सुनेजवळ आल्या.

"घंटी वाजली तेव्हा काय म्हणत होतीस?"

"खुंटीवर टांगलंय, आई."

"घरी काढ," आक्का म्हणाल्या. "आणि ती कोंबडी इथंच ठेव."

त्यांचं घरी काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, मी रविवारीसुद्धा विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दोघी एकत्र आल्या आणि जेवणाच्या सुट्टीत आक्कांनी सगळ्यांसमोर कप दोन हातांनी धरला आणि खाली ठेवला नाही.

तीन आठवड्यांनी बैठक भरली. घड्याळबाई खुर्चीत. आधी मागच्या चिठ्ठ्या. आडोसा, झालं. रुग्णालय, झालं. मग तिनं वाचलं, "शिकवणे, आक्का." त्या दिवशी सकाळीच काजवालीनं साठ थरांच्या बाह्या कापल्या होत्या. सगळ्या पुऱ्या लांबीच्या. वरच्या थरावर आक्कांची खडूची सही होती, जरा वेडीवाकडी. सगळ्यांनी "झालं" म्हणायला तोंडं उघडली होती.

"झालं नाही," आक्का म्हणाल्या.

काजवालीचा चेहरा उतरला.

"तिचं झालं. पण ती आजारी पडली तर? आणखी एकीला शिकवायला हवं. मग आणखी एकीला. चिठ्ठीवर माझं नाव राहू द्या."

सुनेनं मान खाली घातली. डोळे तिचे भरले होते, हे मी नोंदवहीवरून मान वर करून पाहिलं. पण आवाज अजिबात हलला नाही.

"नवी तारीख कुठली, आई?"

आक्कांनी बोटांवर आठवडे मोजले, हात थरथरत असतानाच मोजले, आणि तारीख सांगितली. मी लिहून घेतली.